मदत हवी आहे: वहीच्या दोन पानांवर तुटलेली ओळ जोडताना १.१७ क्विंटल गूळ जास्त येतोय

यार्डाचा_नातू

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आजोबांची गुळाची अडत होती. त्यांच्या १९८७-८८ च्या हंगामातल्या लाल वह्या माळ्यावरून निघाल्या. बाबांच्या आग्रहाखातर त्या फोटो काढून संगणकावर उतरवतोय. मोबाईलवरचं एक ॲप फोटोतला तक्ता वाचून सीएसव्ही फाईल देतं, बाकीचं मी थोड्याफार पायथनवर भागवतो.

एकेका पानाचं ठीक आहे, अडतोय ते पान उलटताना. वही उभी उघडते, म्हणजे संपलेलं पान वर आणि पुढचं खाली. खालच्या पानाचा फोटो काढला की वरच्या पानाची शेवटची पट्टी त्यात येतेच. मधे शिवण, वही सपाट बसत नाही.

नमुन्यादाखल ही दोन पानं घ्या. वरच्या पानावर अ.क्र. ४१ ते ५८, खालच्यावर ७४ पर्यंत. ५८ नंबरचा शेतकरी दोन्हीकडे विभागलाय. वर त्याचं नाव, गाव आणि '३० किलोचे रवे १२, वजन ३.६४'. रवे म्हणजे गुळाच्या ढेपा. मग 'पुढे नेले ९६.४०'. खालच्या पानावर 'मागील बेरीज ९६.४०', आणि त्याखाली नंबर नाही, नाव नाही, फक्त '१० किलोचे रवे २५, वजन २.४७'. शेवटी वहीतली एकूण बेरीज १७०.५० क्विंटल.

मी दोन्ही फाईली एकाखाली एक जोडल्या, बेरजेच्या ओळी काढल्या, आणि ज्या ओळींना अ.क्र. नाही त्या ॲपचा कचरा समजून उडवल्या. बेरीज येते १७१.६७. फरक १.१७ चा, आणि १.१७ वजनाची एकही ओळ दोन्ही पानांवर नाही! बाबांनी चष्मा लावून वहीतल्या ओळी मोजल्या, ३५ भरल्या. माझ्या फाईलमध्येही ३५च. मग चूक आहे कुठं?

कोडवाला_भावा

सोपं आहे भावा. फोटो एकमेकांवर आलेत, म्हणजे ५८ दोनदा आलाय. रिकामे नंबर वरून खाली भर आणि दुहेरी काढून टाक.

```python
t["sr"] = t["sr"].ffill()
t = t.drop_duplicates("sr")
```

आणि बिननंबरी ओळी आधीच उडवू नकोस, बेरजेच्या तेवढ्या काढ.

यार्डाचा_नातू

केलं. आता १६८.०३ येते. आधी जास्त होतं, आता कमी पडतंय.

सगळे रकाने जुळले तरच काढ, असंही करून बघितलं. तेव्हा काहीच निघालं नाही, कारण ५८ चं नाव ॲपनं एका फोटोत 'पांडुरंग' वाचलंय आणि दुसऱ्यात 'पाडुरंग'. शिवणीजवळ अनुस्वार सावलीत गेला.

कॅमेरा_करवीर

एवढा घोळ कशाला? पॅनोरमासारखे दोन्ही फोटो शिवून एकच लांब फोटो करा आणि तो ॲपला द्या. मी रंकाळ्याचे सहा-सहा फोटो असेच जोडतो, सांधा शोधून सापडत नाही.

यार्डाचा_नातू

दादा, तेही केलं होतं. शिवणीजवळ कागद वाकतो, त्यामुळे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिथलीच ओळ ताणून दोनदा दाखवली. दुसऱ्या एका पानावर तर ओळ अर्धी गिळली. रंकाळ्यात एक लाट कमी झाली तर कळत नाही, इथं आजोबांचा शेतकरी जातो.

जमाखर्च_ताई

तीस वर्षं वह्या तपासण्यात गेली, म्हणून लिहिते. तुमचा १.१७ हा एका चुकीचा आकडा नाहीच. ३.६४ मधून २.४७ वजा करून बघा.

५८ ची पहिली ओळ दोन फोटोंत आल्यामुळे ३.६४ जादा धरले गेले. त्याच वेळी दुसरी ओळ बिननंबरी म्हणून उडवल्यामुळे २.४७ गेले. एक ओळ वाढली, एक गेली, म्हणून मोजदाद ३५ ची ३५ राहिली आणि तुम्ही दोघंही फसलात. ओळींची संख्या जुळली म्हणजे हिशेब जुळला असं धरायचं नसतं ते यासाठीच.

कोडवाला यांनी रोग अर्धा ओळखला. ५८ दोनदा आलाय हे खरं. पण नंबर खाली भरल्यावर ५८ च्या तीन ओळी होतात: खरी पहिली, फोटोमुळे आलेली तिची जुळी, आणि खरी दुसरी. नंबरवरून दुहेरी काढलं की तिन्हींतली एकच उरते. १७०.५० वजा १६८.०३ किती? बरोबर २.४७. त्यातल्या त्यात बरं हे, की आता फरक एका ओळीइतका आहे आणि कुठली ओळ ते दिसतंय.

माझं म्हणणं, ओळी एकमेकींशी ताडून बघूच नका. दिसायला सारख्या ओळी खऱ्याही असू शकतात, एकाच शेतकऱ्याचे एकाच दिवशी सारख्या वजनाचे दोन सौदे झाले तर मुनीमजी दोन्ही लिहिणारच. त्यापेक्षा पानाची हद्द शोधा. मुनीमजींनी ती आखून ठेवलीय. खालच्या पानाच्या फोटोत 'मागील बेरीज' च्या वर जे काही आहे ते वरच्या पानाचं, ते न बघता टाकून द्या. वरच्या पानाच्या फोटोत 'पुढे नेले' च्या खाली काही डोकावलं असेल तर तेही टाका. जुळी ओळ तिथेच संपते, मग 'पांडुरंग' कसाही वाचलेला असो.

त्यानंतर 'मागील बेरीज' च्या लगेच खालची ओळ बघा. नंबर आणि नाव रिकामं, पण वजन भरलेलं, म्हणजे ती आधीच्या पानावरच्या शेवटच्या शेतकऱ्याची. तिला पहिल्या ओळीत मिसळून ६.११ करू नका. तीस किलोच्या आणि दहा किलोच्या रव्यांचा दर वेगळा लागलेला असणार. दोन्ही ओळी ठेवा, ५८ खाली पोटओळ १ आणि पोटओळ २ अशा.

दूधसंस्था_सचिव

माझाही हाच प्रॉब्लेम आहे, पण ताईंच्या नियमानं माझी यादी बिघडली. आमच्या संस्थेची सभासद यादी वर्डमध्ये केलेली, छापील. पानाच्या तळाला एका सभासदाचा पत्ता तुटतो. 'मु. पो.' आणि गावाचं नाव पहिल्या पानावर, 'ता. करवीर, जि. कोल्हापूर' दुसऱ्यावर. मी पोटओळ केली तर एक सभासद वाढल्यासारखा दिसतो. शिवाय दुसऱ्या पानावर रकान्यांची नावं परत छापलेली, ती पण 'सभासद' म्हणून आत आली.

जमाखर्च_ताई

तुमचं प्रकरण दिसायला तेच, पण निराळं आहे. तुमच्याकडे तुटलाय तो एका चौकटीतला मजकूर. दुसऱ्या पानावरच्या त्या तुकड्यात शेअर्सची रक्कम वगैरे आकडा आहे का? नसणार, आकडा पहिल्या पानावरच छापला गेला असेल. बिननंबरी तुकड्यात नुसता मजकूर असेल तर तो वरच्या चौकटीच्या शेवटी जागा सोडून चिकटवा, ओळ एकच ठेवा. त्यात स्वतःचा आकडा असेल तर पोटओळ. रकान्यांची नावं तुम्हाला आधी काढावी लागतील, नाहीतर तुकडा त्यांनाच जाऊन चिकटेल.

कोडवाला_भावा

मान्य, माझं चुकलं. ताईंचं म्हणणं कोडमध्ये असं होईल. बेरजेचे शब्द `nav` रकान्यात आलेत असं धरलंय.

```python
a = p1.index[p1["nav"].str.contains("पुढे नेले", na=False)][0]
b = p2.index[p2["nav"].str.contains("मागील", na=False)][0]
t = pd.concat([p1.loc[:a-1], p2.loc[b+1:]], ignore_index=True)
t[["sr","nav","gav"]] = t[["sr","nav","gav"]].ffill()
t["pot"] = t.groupby("sr").cumcount() + 1
```

दुसऱ्या पानाच्या तळाची बेरीज हे चालवण्याआधीच वेगळी काढ, ती या कोडनं जात नाही.

यार्डाचा_नातू

१७०.५०! वरचं पान वेगळं मोजलं तर ९६.४०, खालचं २.४७ धरून ७४.१०. ताई, भावा, दोघांचेही आभार.

पण एक खटकलं. ६३ नंबरच्या शेतकऱ्याचं गाव वहीत कोरं आहे. आता तिथं ६२ चं गाव, वडणगे, आलंय.

जमाखर्च_ताई

येणारच. नंबर आहे पण गाव नाही, ही कोरी जागा मुनीमजींची आहे. नंबरच नाही, ती कोरी जागा पान तुटल्यामुळे आलेली आहे. भरायची ती फक्त दुसरी.

कोडवाला_भावा

अरे हो. मग आधी फक्त नंबर भरायचा आणि नाव-गाव त्या नंबरच्या आतूनच घ्यायचं. `ffill` ची ओळ काढून हे टाक:

```python
t["sr"] = t["sr"].ffill()
g = t.groupby("sr")[["nav","gav"]]
t[["nav","gav"]] = g.transform("first")
```

आणि ४१ ते ७४ मधला एकही नंबर गळला नाही ना बघ. ॲपनं एखाद्या नव्या शेतकऱ्याचा नंबरच वाचला नाही, तर त्याचा गूळ गुपचूप वरच्याच्या खात्यावर चढेल. वजनाची बेरीज तरीही बरोबरच येईल.

यार्डाचा_नातू

हे बरं सांगितलंस. इथं सगळे नंबर आहेत. पण पुढच्या एका जोडीत ९१ गायब निघाला. फोटो मोठा करून बघितलं तर ९१ वर शाईचा डाग आहे आणि ॲपनं चौकट रिकामी सोडलीय.

आता शेवटचं, मग त्रास देत नाही. एका ठिकाणी तुटलेल्या ओळीचा दुसरा भाग ऐन शिवणीत लिहिलाय, 'मागील बेरीज' च्या खाली कसाबसा कोंबलेला. फोटोत काळी रेघ दिसते, बाकी काही नाही. वजाबाकी करून वजन काढू का? १.९२ येतं.

जमाखर्च_ताई

वजन काढता येईल, पण त्या पानावरची बाकी प्रत्येक ओळ बरोबर वाचली गेली असेल तरच. दुसऱ्या कुठल्या ओळीत १ चा ९ झाला असेल, तर ती चूकही या १.९२ मध्ये येऊन बसेल. शिवाय रवे किती होते ते वजनावरून कळत नाही. १० किलोचे १९ म्हणावेत तर ३० किलोचे ६ आणि १० किलोचा १ मिळूनही १.९२ च्या जवळपास जातात, कारण रवा काट्यावर नेमका कधीच भरत नाही. लिहायचंच तर शेजारच्या रकान्यात 'वजाबाकीने' असा शेरा टाका आणि रव्यांची जागा कोरी सोडा.

कॅमेरा_करवीर

आता माझ्या कामाचं आलं. शिवणीतली ओळ वरून फोटो काढून मिळणार नाही. वही पूर्ण सपाट करायला जाऊ नका, जुनी शिवण उसवेल. खालचं पान थोडं उचलून धरा, खिडकीचा उजेड बाजूनं येऊ दे, आणि फक्त त्या दोन बोटांच्या पट्टीचा जवळून वेगळा फोटो घ्या. तो ॲपला देऊ नका, डोळ्यांनी वाचा.

यार्डाचा_नातू

दादा, रविवारी बाबांना पान धरायला बसवतो. वाचता आलं तर इथंच लिहीन.

दूधसंस्था_सचिव

ताई, माझ्या यादीत एका सभासदाचा पत्ताही तुटलाय आणि त्याच चौकटीत वारसाचं नाव व टक्केवारी दुसऱ्या पानावर गेलीय. म्हणजे मजकूरही आहे आणि आकडाही. आता चिकटवू की पोटओळ करू?