अनुभव धागा : वादळाची रात्र, अर्धवट इमारत आणि कललेला टेकू

नारळीपोफळी

बांधकामाच्या साइटवर रात्र काढलेले, साइटशेजारी राहणारे, ठेकेदार, इंजिनिअर, घरमालक, सगळ्यांना या धाग्याचं आमंत्रण. वादळवाऱ्यात अर्धवट बांधकामात काय दिसलं, कुणी काय केलं, ते लिहा. सुरुवात मी करतो. हा अनुभव तसा माझा नाही, शेजारच्या प्लॉटवरच्या वॉचमनमामांचा आहे. निम्मा मी पाहिला आणि निम्मा त्यांनी नंतर ओटीवर बसून सांगितला.

१६ मे २०२१ ची रात्र, तौक्ते वादळाची. आमचं गाव अलिबाग तालुक्यात. शेजारच्या बंगल्याचा स्लॅब मेच्या पहिल्या आठवड्यात पडला होता. पाऊस लागायच्या आत स्लॅब उरकायचा ही आमच्याकडची दरवर्षीची घाई. खाली सेंट्रिंग तसंच उभं होतं. मागच्या हॉलात कोबा झालेला नव्हता, त्यामुळे तिथले टेकू जोत्यात भरलेल्या मातीवरच उभे केलेले. मामा मूळचे मराठवाड्यातले. दुष्काळ पाहिलेला माणूस, कोकणातलं पाणी त्यांना आधीच नकोसं झालेलं.

संध्याकाळी वारा वाढला तसे कामगारांच्या खोपटाचे पत्रे उडायला लागले. ती पोरं अंथरूण उचलून स्लॅबखाली कोरड्यात झोपायला आली. लाइट कधीच गेले होते. मध्यरात्रीनंतर मामा बॅटरी घेऊन फेरीला निघाले. हॉलच्या दारातून त्यांनी आत झोत टाकला तेव्हा पलीकडच्या भिंतीवर टेकूंच्या सावल्या पडल्या. सगळ्या उभ्या आणि कोपऱ्याजवळची एक तिरपी.

बॅटरी हलली की सावली हलते, म्हणून आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. शिवाय सेंट्रिंगमध्ये एखादा टेकू मुळातच वाकडा लावलेला असतो. पण मामांनी त्याच टेकूला आणि शेजारच्या टेकूला दोरी बांधून दुपारी धोतर वाळत घातलं होतं. तेव्हा ती ताणून बांधलेली होती. आता तिला चांगलाच झोल पडला होता. गाठी जागच्या जागी. “मंग म्या म्हनलं, दोरी काय आपून होऊन लांब होत न्हाई. टेकूच सरकलाय.”

त्यांनी पोरांना उठवून बाहेर काढलं आणि आमच्या पडवीत आणलं. त्यातला एक जण घण घेऊन परत निघाला, टेकू ठोकून सरळ करतो म्हणून. मामांनी घण काढून घेतला. ते आत गेले नाहीत आणि दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. ठेकेदाराला फोन लावला तर रेंज नव्हती. मग कुदळ घेऊन मागच्या बाजूला गेले. वरच्या आवारातलं पाणी तिथल्या दाराच्या जागेतून हॉलात शिरत होतं. त्यांनी बाहेरूनच आडवा चर मारला आणि पाणी रस्त्याकडे काढून दिलं. मी कंदील धरून उभा होतो, पण वाऱ्याने तो विझला, तेव्हा माझी मदत एवढीच.

स्लॅब पडला नाही. सकाळी ठेकेदार आला. टेकूखालच्या फळीचं एक टोक गाळात पुरतं रुतलं होतं. त्याने शेजारी दोन नवे टेकू लावून घेतले आणि मामांना म्हणाला, “एवढ्याशासाठी सगळ्यांची झोप मोडलीत?” त्याचं म्हणणं बरोबर होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

ओळंबा

माझं आयुष्य सेंट्रिंगच्या धंद्यात गेलं. ठेकेदाराने नवे टेकू आधी लावले आणि जुन्याला नंतर हात घातला असेल, तर तेवढं काम त्याने बरोबर केलं. कललेल्या टेकूला घण मारायचा नाही. तो भार घेत असेल तर एका ठोक्यात निसटतो आणि त्याचा भार झटक्याने शेजाऱ्यांवर जातो. तो आधीच सैल झालेला असेल, तर ठोकून नुसता उभा दिसेल, कारण खालची माती तशीच रुतत राहणार.

भार आहे की नाही हे आम्ही दिवसा वाजवून बघतो. पान्याने हलकी टिचकी मारली की भरलेला टेकू टणक वाजतो आणि सैल टेकू खडखडतो. मात्र हे उजेडात, सोबत माणूस असताना आणि बाहेर पडायची वाट मोकळी ठेवून करायचं. रात्री वादळात वॉचमनने करायचं काम ते नव्हे.

खरी चूक भरावाची. टेकूच्या बुडाची पत्र्याची प्लेट साधारण ६ इंच बाय ६ इंच असते. तिच्याखाली ९ इंच रुंद, २ फूट लांब जाड फळी टाकली की तोच भार सहापट जागेवर पसरतो. पण फळी आडवी-तिरपी पडली आणि टेकू तिच्या टोकावर उभा राहिला, तर फळी एका बाजूने रुतते आणि टेकू तिकडे झुकतो. तुमच्या शेजारी हेच झालेलं दिसतंय. कोरड्या दिवसांत दगडासारखा वाटणारा भराव पाणी प्यायला की चिखल होतो.

नवखा_अभियंता

स्लॅबला दहा दिवस झाले होते ना? सात दिवसांत काँक्रीटची बरीचशी ताकद आलेली असते. त्यानंतर टेकू नावापुरतेच. ठेकेदाराचं बरोबर आहे, मामा उगाच घाबरले.

मातीपरीक्षा

नवखा, ताकदीचं खरं आहे, पण निष्कर्ष पुढे पळाला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबखालचे टेकू काढायला ७ दिवस दिलेत ते साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला. त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. तुळईखाली ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. तेही साध्या पोर्टलँड सिमेंटचे आकडे आहेत. हल्ली बहुतेक ठिकाणी राखमिश्रित सिमेंट येतं, ते सावकाश ताकद धरतं. नारळीपोफळी, हॉल केवढा होता?

नारळीपोफळी

१६ फूट बाय १२ फूट. मध्ये तुळई नाही. स्लॅब ५ इंचाचा.

मातीपरीक्षा

मग हिशेब करून बघू. ५ इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोहून थोडं जास्त भरतं. तुमच्या हॉलावरचा सगळा स्लॅब साडेपाच टनांच्या घरात जातो. टेकू तीन-तीन फुटांवर असतील तर स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या प्लेटांचं वजन धरून प्रत्येकावर ढोबळ ३०० किलो. काँक्रीट ओलं असताना हा सगळा भार टेकूंचाच. दहा दिवसांनी स्लॅब स्वतःही बराच पेलतो, त्यामुळे एक टेकू गेल्याने साडेपाच टन खाली आले असते असं मी म्हणणार नाही.

आणि हा स्लॅब कसा पेलतो तेही बघायला हवं. १६ बाय १२ च्या हॉलाला चारही बाजूंनी तुळया असतील, तर मुख्य सळ्या १२ फुटांच्या बाजूने आणि मग गाळा साडेचार मीटरच्या आतला. तसं असेल तर नवखा म्हणतो तिकडे पारडं झुकतं. एक लांब बाजू मोकळी असेल तर १६ फूट हाच गाळा, म्हणजे १४ दिवस.

कलण्याचं म्हणाल तर १० फुटी टेकू ४ इंच कलला, तर ३०० किलोंपैकी १० किलोच्या आसपास जोर आडवा लागतो. आडवे पाइप बांधलेले असतील तर हा जोर किरकोळ आहे. म्हणून मला कलण्यापेक्षा दोरी महत्त्वाची वाटते. दुपारी ताठ आणि रात्री सैल, म्हणजे हालचाल चालू होती. पाणी आत शिरत होतं, म्हणजे पुढचा टेकू कधी रुतेल हे कुणालाच सांगता आलं नसतं. आणि एक टेकू सैल पडला की जास्तीचा भार घेऊन उभे असतात ते शेजारचे. दिसायला अगदी सरळ असतात.

गिरगावकर

आमच्या चाळीला गेली कित्येक वर्षं टेकू आहेत. जिन्याखाली, गॅलरीखाली, लाकडी. आम्ही त्यावर सायकली टेकवतो, मुलं त्याभोवती लपंडाव खेळतात. एक तर माझ्या लहानपणापासून वाकडा आहे आणि काही झालेलं नाही. त्यामुळे इतकी भीती बाळगायचं कारण समजलं नाही. पुनर्विकास कधी होणार ते कुणी सांगेल का?

ओळंबा

गिरगावकर, तुमचा मुद्दा वेगळा. तुमच्याकडे जुनी तुळई थकली म्हणून टेकू दिला, आणि तो वर्षानुवर्षं तिथेच आहे. तरी एक करा. वाकड्या टेकूच्या बुडाभोवती फरशीवर रंगाने रेघ मारून ठेवा आणि पावसाळ्यानंतर बघा. रेघ आणि बूड जुळत नसेल तर म्हाडाकडे लेखी कळवा. सायकली मात्र आजच काढा.

कणगी

माझे वडील पुण्याजवळच्या साइटवर वॉचमन होते. आम्ही तिथेच पत्र्याच्या खोलीत वाढलो. त्यांना नेमलं होतं सळया आणि सिमेंटच्या गोण्या राखायला. सेंट्रिंगकडे बघणं हे त्यांचं काम आहे असं कुणीच धरत नव्हतं. एकदा पावसात त्यांनी रात्री सुपरवायझरला फोन केला की तळमजल्याच्या खड्ड्याची कड ढासळतेय. सकाळी बोलणी खाल्ली. पुढच्या वेळी ते फोन करायला कचरले. आम्हाला मात्र त्यांनी उठवून रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं.

म्हणून मामांनी मालकाची वाट न बघता माणसं आधी हलवली, ते मला फार जवळचं वाटलं. फोन लागला असता आणि ठेकेदार “राहू द्या, सकाळी बघू” म्हणाला असता, तर? मामांना विचारलंत का कधी?

नारळीपोफळी

विचारलं होतं. “पोरं तर उठीवलीच असती. चर मारला असता का न्हाई, ठाव न्हाई,” म्हणाले.

मस्कतहून

२००७ ला गोनू वादळ आलं तेव्हा मी ओमानमध्ये एका साइटवर होतो. आमच्याकडे वादळाआधी दोन दिवस हेच काम होतं, सैल प्लायवूड आणि पत्रे बांधा, स्लॅबवरचं सामान उतरवा, पाणी जायच्या वाटा मोकळ्या करा. कामगारांना वादळात साइटवर ठेवलंच नाही. पाणी ओसरल्यावर आत जायच्या आधी टेकूंची प्रत्येक रांग दोरी लावून तपासली. मात्र तिथे तेवढी माणसं आणि अधिकार होते. एकट्या वॉचमनकडून ती अपेक्षा करता येत नाही.

ओळंबा

खरंय. पण घरमालकाला एक करता येतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी हॉलाच्या बाहेरून चर मारून घ्या आणि भरावावरच्या टेकूंखाली फळ्या नीट बसल्यात का ते ठेकेदाराला समोर उभं करून बघा.

मातीपरीक्षा

आणि कामगारांना झोपायला दुसरी जागा. त्या रात्री माझी पहिली भीती टेकूची नसती, ताज्या विटांच्या भिंतीची असती. वर आधार नसलेली, नुकती रचलेली ४ इंची भिंत वाऱ्याला उभी आडवी होते आणि आधी काही सांगत नाही. नारळीपोफळी, हॉलच्या मागची भिंत तेव्हा झाली होती का?

नारळीपोफळी

अर्धी झाली होती, कमरेपर्यंत. मामा चर मारत होते ते तिच्याच बाहेर. आता तुम्ही म्हटल्यावर लक्षात येतंय.