उष्मांक: ग्रॅममागे की मोलमागे? (आणि कॅलरीचा 'किलो' कुठे जातो?)

अनुवादिनी
नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांसाठी एक सरावपत्रिका मराठीत करतेय, त्यात एका शब्दापाशी अडलेय. मूळ पानावर इंधनांचे दोन तक्ते आहेत. पहिल्यात हायड्रोजन १४२, मिथेन ५५.५, ब्युटेन ४९.५. दुसऱ्यात हायड्रोजन २८६, मिथेन ८९०, ब्युटेन २८७८. सगळे आकडे किलोज्यूलमध्ये, पहिला तक्ता ग्रॅमचा, दुसरा मोलचा. मी दोन्हीच्या डोक्यावर 'इंधनांचा उष्मांक' असं लिहून टाकलं आणि भाच्याला वाचायला दिलं, तर तो म्हणाला मावशी वर हायड्रोजन पहिला आणि खाली एकदम शेवटचा, छापताना उलटं झालंय का? म्हंजे घोळ माझ्या शब्दातच आहे. दोन्हीला वेगळे शब्द आहेत का मराठीत? आणि याच पत्रिकेत पुढे बिस्किटाच्या पुड्यावरच्या कॅलरीचे ज्यूल करायचेत, तिथेही 'उष्मांक' हाच शब्द येतोय, म्हणून जास्तच गोंधळ.

आकडेमोड
उष्मांक म्हणजे कॅलरी, सरळ आहे की. डाएटवाले '१५०० उष्मांकांचा आहार' म्हणतात ना. त्यामुळे इंधनाला हा शब्द वापरूच नका, तिथे 'कॅलरी मूल्य' लिहा. आणि ज्यूल करायला ४.१८४ ने गुणायचं. १४४ कॅलरीची बिस्किटं असतील तर ६०२ ज्यूल. झालं काम.

शब्दवेडा
थोडं थांबा. उष्मांक या शब्दात 'अंक' आहे, म्हणजे तो मुळात एकक नाही, एखाद्या वस्तूचा उष्म्याचा आकडा आहे. या पदार्थाचा उष्मांक अमुक, असं बोलणं शब्दाला धरून आहे. 'बिस्किटात १४४ उष्मांक आहेत' असं अनेकवचनात बोलायला लागलो तेव्हा त्याचं एकक झालं, आणि आता दोन्ही वापर इतके रुळलेत की एक खोडून काढता येणार नाही. 'उष्मांक मूल्य' मात्र मला खटकतं, अंक आणि मूल्य दोन्ही कशाला? ऱ्हस्व उ की दीर्घ ऊ यावर मी बोलत नाही, तो वाद सुरू झाला की बाकीचं राहून जातं.

पाइपगॅस_कोथरूड
आमच्याकडे गेल्या वर्षी सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला. मिथेन ग्रॅमला ५५.५ आणि ब्युटेन ४९.५ म्हणताय, म्हणजे पाइपचा गॅस जास्त जोरदार ना? मग जुन्या शेगडीवर माणसानं जोडून दिला तेव्हा ज्योत एवढीशी का होती, कुकरची पहिली शिट्टी यायला वीस मिनिटं, शेवटी दुसरा माणूस आला आणि त्यानं बर्नरचे जेट बदलले तेव्हा कुठे नीट झालं. तुमचा तक्ता चुकलाय असं मला वाटतं. आणि बिल घनमीटरमध्ये येतं ते ग्रॅममध्ये कसं करायचं?

प्रयोगशाळा_निवृत्त
अनुवादिनीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या कोथरूडकरांच्या शेगडीतच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

तक्ता चुकलेला नाही. शेगडी गॅसचं वजन करत नाही. जेटच्या भोकातून दर मिनिटाला किती *आकारमान* गॅस बाहेर येतो त्यावर ज्योत ठरते. आणि सारख्या तापमानाला, सारख्या दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत मोलही सारखेच असतात. म्हणजे एका भोकातून येणाऱ्या गॅसची तुलना करायची तर मोलचा तक्ता बघायला हवा, ग्रॅमचा नाही. पाइपमध्ये मुख्यतः मिथेन, मोलमागे ८९०. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, प्रोपेन २२२० आणि ब्युटेन २८७८, म्हणजे धरून चला अडीच हजार. जेमतेम तिसरा हिस्सा झाला की! त्यात पाइपच्या गॅसचा दाबही कमी ठेवलेला असतो. जुन्या बारीक भोकातून तो आला तर ज्योत लहानच राहणार, म्हणून मोठ्या भोकाचे जेट. उलट चूक जास्त वाईट, पाइपच्या जेटवर सिलिंडर जोडला तर गॅस भसाभस येतो, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते आणि भांड्याची बूड काळी पडते. अशी पिवळी ज्योत दिसली तर शेगडी बंद करून माणसाला बोलवायचं, स्वतः भोकात सुई घालत बसायचं नाही.

घनमीटरचं विचारलंत. एका घनमीटरमध्ये साधारण ४२ मोल बसतात, गुणिले ८९०, म्हणजे ३७ हजार किलोज्यूलच्या वर. इथे ग्रॅम करायची गरजच नाही.

आता ताईंचे दोन तक्ते. एकातून दुसरा निघतो, फक्त रेणुभाराने भागायचं. ब्युटेनचा एक मोल ५८.१ ग्रॅम, २८७८ भागिले ५८.१, आले ४९.५. हायड्रोजनचा मोल जेमतेम २.०१६ ग्रॅमचा, २८६ भागिले २.०१६, आले १४२. हायड्रोजन मोलमागे शेवटचा आहे कारण त्याचा रेणू चिमुकला, जाळायला त्यात फारसं काही नाहीच. पण त्याचं वजन त्याहून कमी, म्हणून ग्रॅममागे तो सगळ्यांच्या पुढे. भाच्याला उलटं दिसलं ते खरोखरच उलटं आहे.

मी वर्गात एक गंमत दाखवायचो. साखर मोलमागे ५६४० किलोज्यूल, ब्युटेनच्या जवळजवळ दुप्पट! पोरं म्हणायची सर मग साखर घाला टाकीत. मग सांगायचो की तो एक मोल ३४२ ग्रॅमचा आहे, भागा. आले १६.५. ब्युटेनच्या तिसऱ्या हिश्शात आली, कारण तिच्या रेणूत ऑक्सिजन आधीच भरलाय, तो नुसतं वजन वाढवतो.

शब्दाचं म्हणाल तर प्रयोगशाळेत आम्ही मोलच्या आकड्याला 'ज्वलनउष्मा' म्हणायचो आणि ग्रॅम-किलोच्या आकड्याला 'उष्मांक'. ती आमची सवय, नियम नव्हे. शीर्षकात 'ग्रॅममागे' आणि 'मोलमागे' हे लिहाच, शब्द कुठलाही घ्या.

चुलीपाशी
मी विज्ञानाची नाही, पण माझं सांगते. मुलगी मेलबर्नला असते, ती येताना ह्यांच्यासाठी बिस्किटं घेऊन आली. ह्यांना साखर आहे, डॉक्टरीणबाईंनी दिवसाला १५०० उष्मांकांचा तक्ता करून दिलाय, तो फ्रिजवर लावलाय. पुड्यावर बघते तर चार बिस्किटांना, म्हणजे ३० ग्रॅमला, ६०४! मी म्हटलं बाई चार बिस्किटांत निम्मा दिवस संपला. महिनाभर ह्यांना चहाबरोबर एकच बिस्किट देत होते, तेही अर्धं करून. नंतर मुलीनं फोनवर सांगितलं की आई तिकडे किलोज्यूल लिहितात. तर ६०४ चे आपले किती? वर कोणी म्हटलंय १४४ कॅलरी म्हणजे ६०२ ज्यूल, म्हणजे जवळपास तेच का?

आकडेमोड
हो काकू, ६०४ ला ४.१८४ ने भागा, १४४ च येतात. माझं बरोबरच होतं म्हणजे.

प्रयोगशाळा_निवृत्त
काकू, १४४ बरोबर, तुमच्या दीड हजाराचा दहावा हिस्साही नाही. बिस्किटं किती द्यायची ते मात्र डॉक्टरीणबाईंनाच विचारा, तिथे साखरेचाही हिशोब असतो.

आकडेमोड, तुमचा गुणाकार बरोबर, पण तुम्ही '६०२ *ज्यूल*' लिहिलंत. ते किलोज्यूल आहेत. हजारपटीचा फरक. ताडून बघायची सोपी रीत सांगतो. कपभर चहा १५० ग्रॅम, तो एक अंशाने तापवायलाच ६२७ ज्यूल लागतात. चार बिस्किटांत ६०२ ज्यूल असते तर त्यांनी एक कप चहा एक अंशही तापला नसता! खरे ६०२ किलोज्यूल लावले तर पावणेदोन लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत जातं. पुड्यावरची 'कॅलरी' ही किलोकॅलरी असते.

शब्दवेडा
आणि हे मराठीत जास्त होतं! इंग्रजीत मोठी कॅलरी दाखवायला पहिलं अक्षर कॅपिटल काढायची रीत आहे, निदान कागदावर तरी. देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? छोटी आणि मोठी, दोन्ही 'कॅलरी'च. म्हणून पत्रिकेत प्रत्येक ठिकाणी 'किलोकॅलरी' पूर्ण लिहा, लांब झालं तरी चालेल.

अनुवादिनी
हे पटलं, लगेच बदलते. आता दुसरी शंका. पत्रिकेतल्या बिस्किटात १०० ग्रॅमला कर्बोदकं ७०, प्रथिनं ७, चरबी १९ ग्रॅम. ४, ४ आणि ९ ने गुणलं तर ४७९ किलोकॅलरी, त्याला ४.१८४ ने गुणून २००४ किलोज्यूल. पण उत्तर दिलंय २०१२. माझं काय चुकतंय? दोनदा केलं.

प्रयोगशाळा_निवृत्त
काही चुकत नाही. पुड्यावरचे किलोज्यूल बहुधा किलोकॅलरीतून काढत नाहीत, त्यांचे स्वतःचे ठोकळ गुणक आहेत, १७, १७ आणि ३७. करून बघा, ११९० अधिक ११९ अधिक ७०३, बरोबर २०१२. गुणक आधीच पूर्णांकात आणलेत म्हणून ही आठाची तफावत. काकूंचं ६०४ सुद्धा असंच आलं असणार, २०१२ चे ३० टक्के. मुलांना दोन्ही उत्तरं चालतील असं लिहा, नाहीतर बरोबर सोडवलेला मुलगा खोडत बसेल.

आणि हे गुणक पोटाचे आहेत, भट्टीचे नाहीत. प्रथिन बंद भांड्यात ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळलं तर ग्रॅममागे साडेपाच किलोकॅलरीच्याही वर मिळतात, पण शरीर त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर टाकतं, त्यातली ऊर्जा आपल्याला मिळत नाही, आणि थोडं प्रथिन पचतही नाही, म्हणून ४. इंधनाच्या तक्त्यात आणि पुड्यावर एकच 'उष्मांक' शब्द आला की हा फरक झाकला जातो, ही माझी खरी तक्रार.

आकडेमोड
किलोचं मान्य, चुकलो. पण हायड्रोजन १४२ कसा, आम्हाला आठवीच्या पुस्तकात १५० होता, आणि एका ठिकाणी १२० वाचलाय.

प्रयोगशाळा_निवृत्त
१५० हा शाळेसाठी ठोकळ केलेला आकडा. १२० आणि १४२ मात्र दोन्ही खरे. जळून झालेली वाफ तशीच उडून गेली तर १२०, तिचं पाणी होऊन तीही उष्णता पदरात पडली तर १४२. ताईंचे तिन्ही आकडे दुसऱ्या प्रकारचे आहेत. एकाच तक्त्यात दोन्ही प्रकार मिसळू नका एवढंच.

अनुवादिनी
शीर्षकं अशी करते: 'दर ग्रॅमला मिळणारी उष्णता' आणि 'दर मोलाला मिळणारी उष्णता'. उष्मांक शब्द फक्त पहिल्याखाली कंसात.

शब्दवेडा
'मोलाला' नको हो! मोल म्हणजे आपल्याकडे किंमत. मोलाचा सल्ला, मोलानं घेतलेलं. 'दर मोलाला' वाचून मुलगा रुपये शोधेल. आपण 'किलोला', 'ग्रॅमला' म्हणतो तसं 'मोलला' लिहा.

चुलीपाशी
आम्ही तर 'किलोमागे' म्हणतो. शेंगदाणे किलोमागे दहा रुपयांनी वाढले.

प्रयोगशाळा_निवृत्त
'मोलला' बोलताना जीभ अडखळते, मी वर्गात तीस वर्षं 'मोलाला'च म्हणत आलो आणि कुणी रुपये शोधले नाहीत. 'मोलमागे'ला माझी हरकत नाही.

अनुवादिनी
तूर्त 'मोलमागे' ठेवते, भाच्याला परत वाचायला देते आणि तो कुठे अडतो ते इथेच येऊन सांगते.