मदत हवी आहे: 'मैत्रीण म्हणूनच बघतो' असं उत्तर आलंय, आता मी काय लिहू?

अबोली_२
लोकहो, जरा घाईत मदत हवीये. कॉलेजपासूनचा मित्र आहे, आता दोघंही नोकरीला लागलोय पण आमचा सहाजणांचा ग्रुप आणि रविवारचं बॅडमिंटन अजून चालू आहे. काल रात्री मी त्याला मेसेज करून सांगितलं की तू मला मित्रापेक्षा जास्त आवडतोस, तुला काय वाटतं ते मोकळेपणाने सांग. सकाळी उत्तर आलं, "तू मला खूप जवळची आहेस पण खरं सांगू का, मी तुला मैत्रीण म्हणूनच बघतो, त्यापलीकडे कधी काही वाटलं नाही. प्लीज राग मानू नकोस, आपली मैत्री तुटायला नको."

मी वाचलंय हे त्याला दिसलं असणारच, आणि तेव्हापासून मी नुसती टाइप करतेय नि खोडतेय. रडू येतंय, पण त्याच्यावर राग अजिबात नाहीये, त्याने सरळ सांगितलं. त्याला अवघडल्यासारखं वाटू नये असं वाटतं, आणि खोटंही लिहायचं नाहीये. सध्या हे लिहून ठेवलंय:

"अरे राग कसला! मला माहीतच होतं तू नाही म्हणणार. खरं बोललास त्याबद्दल थँक्स. काहीच बदलणार नाही, आपण होतो तसेच राहू. फक्त एकच सांग, माझ्यात नक्की काय कमी पडलं? आणि तुझं मन कधी बदललं तर मी आहेच. रविवारी भेटूच!"

पाठवू का? काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाहीये.

रानवारा
पाठवू नका काहीच. सरळ ब्लॉक करा, दोन-तीन महिने संपर्क बंद, ग्रुपमधूनही बाहेर पडा. रोज त्याचं नाव स्क्रीनवर दिसत राहिलं तर मन बाहेर येतच नाही, हे मी खात्रीने सांगतो.

मनमोकळा
माझ्या मते घाबरू नका, नकार द्यायचा असेल तर स्पष्टच द्या. "मी तुला मित्र मानते" एवढं पुरतं, जास्त कारणं देत बसलात की समोरचा त्यातून फटी शोधतो.

अबोली_२
@मनमोकळा अहो नकार मला मिळालाय, मी दिलेला नाही :)

मनमोकळा
अरे हो, धागा नीट वाचला नाही, सॉरी. पण फटींचं तुमच्या बाजूनेही खरंच आहे बघा, तुम्ही "का" विचारलंत की तो बिचारा काहीतरी कारण जुळवून देणार आणि तुम्ही ते दुरुस्त करायला निघणार.

सुलभा_ताई
अबोली, मी बरीच वर्षं तरुण मुलामुलींबरोबर समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे असे मेसेज पुष्कळ वाचलेत. तुझा सूर चांगला आहे, पण त्यातली चार वाक्यं काढ.

"मला माहीतच होतं" हे खरं नाही, माहीत असतं तर विचारलंच नसतंस, आणि त्याच्या कानाला ते टोमण्यासारखं लागू शकतं. "काय कमी पडलं" हे मनमोकळा म्हणतात त्यासाठी काढ. शिवाय ओढ न वाटण्याला बहुतेकदा सांगता येण्यासारखं कारण नसतंच, म्हणजे तू त्याला अशक्य पेपर सोडवायला देतेयस. "मन बदललं तर मी आहेच" हे वाक्य तर दोघांनाही अडकवतं, तो उद्या साधं "जेवलीस का" विचारतानाही दहादा विचार करेल आणि तू त्या दोन शब्दांत अर्थ शोधत बसशील.

चौथं म्हणजे "काहीच बदलणार नाही". हे सगळे लिहितात आणि सगळ्यात जास्त घोळ यानेच होतो, कारण आठवड्याभरात तू थोडी गप्प झालीस की त्याला वाटणार ही वरून ठीक म्हणाली, आतून रागावली आहे. मग तो जास्त काळजी घेणारे मेसेज करतो, तुला परत आशा वाटते, आणि चक्र सुरू. त्यापेक्षा काय बदलणार आहे ते तूच आधी सांगून टाक: थोडे दिवस मी कमी बोलेन, ते रागाने नाही. आणि परत बोलायला सुरुवात मी करेन, हेही लिही, म्हणजे त्याला रोज अंदाज बांधावा लागत नाही.

ब्लॉकबद्दल: अंतर हवं हे रानवारांचं बरोबर आहे. पण एक शब्द न बोलता ब्लॉक करणं, तेही इतकं नीट बोलणाऱ्या मित्राला, म्हणजे त्याने खरं सांगितल्याची शिक्षा होते. नकार ऐकूनही कोणी मागे लागत असेल किंवा तोडून बोलत असेल तेव्हा ब्लॉक ठीक. त्यापेक्षा त्याचं चॅट म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाक, स्टेटसही म्यूट कर. त्याला कळत नाही, तुझ्या डोळ्यांसमोरही येत नाही.

उत्तररात्र
मी त्या मुलाच्या जागी होतो म्हणून लिहितोय. माझ्या मैत्रिणीने फक्त "ओके" आणि एक स्माइली पाठवली. मी ते "ओके" कितीदा वाचलं असेन, मला कळेचना की हिला बोलायचंय का नाही, विचारू तर तिला आशा लावल्यासारखं होईल आणि नाही विचारलं तर मी दगड. शेवटी दोघंही एकमेकांना टाळायला लागलो आणि मैत्री तशीच विरली. तिने दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर मला फार बरं वाटलं असतं.

सुलभा_ताई
@उत्तररात्र हे खूपजणांचं होतं. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३चा एकतर्फी प्रेमावरचा अभ्यास आहे, त्यात नकार देणाऱ्यांचीही बाजू घेतली होती. अपराधी वाटणं आणि अशा वेळी नेमकं कसं वागायचं हेच न सुचणं, हे त्यांच्या अनुभवांत ठळकपणे दिसलं. म्हणून अबोली, त्याचा अपराधभाव उतरवायला एक वाक्य दे, पण एकच. त्याची समजूत काढणं हे आज तुझं काम नाही.

अबोली_२
सगळ्यांचे खूप आभार. हे कसं वाटतंय?

"इतकं सरळ सांगितलंस म्हणून थँक्स, तुलाही लिहिणं सोपं गेलं नसणार. मला वाईट वाटलंय पण तुझ्यावर राग नाहीये, तू काहीच चुकीचं केलं नाहीस. थोडे दिवस मी जरा कमी बोलेन, ते फक्त मला सावरायला. बरं वाटलं की मीच मेसेज करेन."

सुलभा_ताई
पाठव. "वाईट वाटलंय" ठेवलंस ते छान केलंस. आणि पाठवल्यावर त्याचं उत्तर काहीही आलं तरी त्यावर परत लांब लिहू नकोस, एखादा हार्ट किंवा थम्ब पुरे.

अबोली_२
पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "तुला हवा तेवढा वेळ घे, मी आहे." आधी "मी आहे" वर अडकले, मग थम्ब देऊन चॅट आर्काइव्ह केलं. आता रविवारचं काय करू? आणि ग्रुपमधल्या कोणाला सांगू का?

रानवारा
रविवार सोडा काही आठवडे. ब्लॉकचं मागे घेतो, पण इथे ठाम आहे.

उत्तररात्र
मला नाही पटत. एकदम गैरहजर राहिलात की बाकीचे चौघं त्यालाच विचारणार काय झालं, आणि तो काय सांगणार? जा, खेळा, फक्त नंतर गप्पांना थांबू नका.

सुलभा_ताई
यावर माझं ठाम मत नाही, तुझं तुलाच बघावं लागेल. तो कोर्टवर दुसऱ्या कोणाशी हसून बोलताना दिसला तर तुझा दिवस वाया जाणार असेल, तर अजून जाऊ नकोस. आणि ग्रुपमध्ये सांगायचंच असेल तर एकाच मैत्रिणीला सांग, तीही अशी जी त्याच्याकडे निरोप नेणार नाही.

अबोली_२
दिवस वाया जाईलच, खरं सांगायचं तर. या रविवारी नाही जात, ग्रुपवर "या आठवड्यात जमत नाहीये" एवढंच टाकते. पुढच्या रविवारचं तेव्हा बघेन.