मदत हवी आहे: ४५ दिवसांच्या शेंगेन व्हिसाचा शेवटचा दिवस ३ ऑक्टोबर की ४?

जुईली_०७
नमस्कार मंडळी. सासू-सासरे सध्या आमच्याकडे आले आहेत. त्यांच्या व्हिसाच्या स्टिकरवर "ड्युरेशन ऑफ स्टे"पुढे ४५ दिवस लिहिलंय आणि व्हिसा १५ ऑगस्ट ते १३ ऑक्टोबर असा आहे, सिंगल एंट्री. घरून ते १९ ऑगस्टला रात्री निघाले आणि २० ऑगस्टला पहाटे उतरले. पासपोर्ट तपासणी तिथेच झाली.

परतीचं तिकीट एजंटने ३ ऑक्टोबरच्या रात्रीचं काढलंय. रात्री ९.२० ला पहिलं विमान, ते ११.१० ला दुसऱ्या शहरात उतरतं (तेही शेंगेनमध्येच), आणि तिथून पुढचं विमान १.०५ ला, म्हणजे तारीख ४ ऑक्टोबर. एजंट म्हणतो २० ऑगस्ट अधिक ४५ म्हणजे ४ ऑक्टोबर, सगळं बसतंय. मी कॅलेंडरवर बोटं ठेवून मोजलं तर ३ ऑक्टोबरच येतं. सासूबाईंना पुढच्या वर्षी परत यायचंय, त्यामुळे एका दिवसाचीही चूक नको. कोणी नीट सांगेल का?

सदा_प्रवासी
व्हिसा १३ ऑक्टोबरपर्यंत आहे ना? मग १३ पर्यंत राहा की, काय अडचण आहे?

रानवारा
सदा, तसं नाही हो. ती तारीख व्हिसा वापरायची मुदत आहे, राहायचे दिवस वेगळे. शेंगेनवाले राहायच्या दिवसांवर सहसा १५ दिवस जादा धरून मुदत देतात, म्हणजे माणूस दोन दिवस उशिरा निघाला तरी त्याचे ४५ दिवस बुडू नयेत. इथेच बघा, १५ ऑगस्ट ते १३ ऑक्टोबर मोजलंत तर बरोबर ६० भरतात, ४५ अधिक १५. दोन्हीपैकी जे आधी संपेल ते खरं.

जुईली, बोटं ठेवून मोजलंत तेच बरोबर. शेंगेनच्या नियमात आत आलेला दिवस हा पहिला दिवस आणि बाहेर पडलेला दिवस हा शेवटचा, दोन्ही मोजायचे. पहाटे उतरा नाहीतर रात्री पावणेबाराला, तो पूर्ण एक दिवस धरतात. ऑगस्टमधले २० ते ३१ हे १२ दिवस. सप्टेंबरचे ३०, झाले ४२. उरले ३, म्हणजे १, २ आणि ३ ऑक्टोबर. शेवटचा दिवस ३ ऑक्टोबर. १९ तारखेचा विचारच करू नका, विमान घरून कधी सुटलं याला अर्थ नाही.

एजंटची चूक फार सरसकट होते. तारखेत ४५ मिळवले की ४६ वा दिवस येतो, कारण २० तारीख स्वतःच पहिला दिवस आहे. एक्सेलमध्ये करायचं असेल तर ए१ मध्ये आत आल्याची तारीख, बी१ मध्ये दिवस टाकून:

```
=A1+B1-1
```

उत्तर पाच आकडी संख्येसारखं दिसलं तर सेलचा फॉरमॅट तारखेचा करा.

मुक्ता_क
थांबा, मला वाटतं आलेला दिवस धरत नाहीत. मी जपानला गेले होते ९० दिवसांवर. १२ जुलैला उतरले आणि पासपोर्टवर चिकटवलेल्या कागदावर १० ऑक्टोबर छापलं होतं. रानवाराच्या पद्धतीने ते ९ ऑक्टोबर आलं असतं! तुम्हीच मोजून बघा.

रानवारा
मुक्ताताई, मोजलं, आणि तुमचं जपानचं बरोबरच आहे. तिथे दुसऱ्या दिवसापासून मोजतात. म्हणूनच एका देशाचा हिशोब दुसऱ्या देशाला लावायचा नाही. शिवाय जपानमध्ये तारीख छापून मिळते, तिथे स्वतः मोजायची वेळच येत नाही. शेंगेनच्या स्टिकरवर फक्त दिवसांचा आकडा असतो आणि मोजायचं प्रवाशाने, म्हणून घोळ होतो.

अंगणवेल
आमच्या आईच्या अमेरिकेच्या व्हिसावर तर दहा वर्षं लिहिलं होतं! ती सहा महिन्यांनी परत आली, पण मला वाटायचं आणखी राहता आलं असतं. जुईली, तुझ्या सासूबाईंनाही आय-९४ बघायला सांग, त्यात तारीख असते.

रानवारा
अंगणवेल, आय-९४ फक्त अमेरिकेचं. शेंगेनमध्ये ते नाही. बाकी आईंनी योग्यच केलं, तिथे व्हिसाच्या मुदतीला नाही तर आय-९४ वरच्या तारखेला महत्त्व.

जुईली, आता तुमच्या तिकिटाचं. मला खरी काळजी त्याची वाटते. शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद पासपोर्ट तपासणीला होते, विमान उडतं तेव्हा नाही. त्यामुळे १.०५ चं विमान असूनही तपासणी ३ तारखेला रात्री बारापूर्वी झाली तर तुम्ही मुदतीत आहात. पण ती तपासणी पहिल्या विमानतळावर होणार नाही. पहिला टप्पा शेंगेनच्या आतला, म्हणून तपासणी दुसऱ्या शहरात. ११.१० ला विमान उतरणार, दार उघडून बाहेर यायला दहा-पंधरा मिनिटं, चालणं, रांग. हाताशी पन्नास मिनिटंसुद्धा नाहीत. पहिल्या विमानाला अर्धा-पाऊण तास उशीर झाला की नोंद ४ ऑक्टोबरची.

सदा_प्रवासी
एका दिवसाने काय होतं? माझ्या साडूंचा एक दिवस जास्त झाला होता, शिक्का मारून सोडलं. कोणी विचारलंही नाही.

रानवारा
कधीची गोष्ट?

सदा_प्रवासी
सात-आठ वर्षं झाली असतील.

रानवारा
तेव्हा शिक्क्यावरून अधिकाऱ्याला स्वतः दिवस मोजावे लागायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये येण्या-जाण्याची नोंद ईईएस नावाच्या संगणक प्रणालीत घ्यायला सुरुवात झाली. राहिलेले दिवस तीच मोजते आणि मुदत उलटली की तसं दाखवते. साडूंना सोडलं हे चांगलं झालं, पण पुढच्या व्हिसाच्या अर्जाला तो दिवस समोर येऊ शकतो. सासूबाईंना पुन्हा यायचंय, हे विसरू नका.

मुक्ता_क
पण उशीर विमान कंपनीमुळे झाला तर तो प्रवाशाचा दोष कसा? काही सवलत असेलच ना?

रानवारा
हातात नसलेल्या कारणामुळे निघता आलं नाही तर व्हिसा वाढवून देण्याची तरतूद आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, तोही व्हिसाचे दिवस संपायच्या आत. रात्री साडेअकराला विमानतळावरच्या रांगेत उभं राहून ते कसं जमणार? त्या वेळी समोरचा अधिकारी काय ठरवेल ते मी सांगू शकत नाही. उशीर झालाच तर कंपनीकडून तसं लेखी घ्या, बोर्डिंग पास जपून ठेवा. पण त्यावर विसंबून तिकीट ठेवू नका.

जुईली_०७
मनापासून धन्यवाद, रानवारा. रात्रीच एजंटला तुमचा हिशोब वाचून दाखवला. आधी वाद घातला, मग ऑगस्टचे १२, सप्टेंबरचे ३० असं त्याने स्वतः मोजलं आणि गप्प झाला. २ ऑक्टोबरचं दुपारचं विमान मिळतंय, थेट, मध्ये थांबा नाही. तारीख बदलायचे पैसे कोणी भरायचे यावर अजून ठरत नाहीये. त्याचं म्हणणं, तिकीट "चालण्यासारखं" होतं.

एक विचारू का, ईईएसमध्ये त्यांची २० तारखेची नोंद खरंच बरोबर पडली आहे का, हे आपल्याला बघता येतं? त्यांच्या पासपोर्टवर शिक्का सापडत नाहीये. सासरे म्हणतात मारला होता, सासूबाई म्हणतात फक्त बोटांचे ठसे घेतले.

अंगणवेल
पानं चिकटलेली असतात बघ नवीन पासपोर्टची, एकेक उलगडून बघ आधी.

रानवारा
हो, आधी ते बघा. आणि येतानाचे बोर्डिंग पास असतील तर फेकू देऊ नका, २० तारखेचा तोच पुरावा.