रंगाऱ्याला मेसेज काय केलात? रंगकामाचे अनुभव

रंगकाम संपत आलं, हिशेब करायची वेळ झाली आणि तेव्हाच भिंत नीट दिसली, असं कुणाकुणाचं झालंय? रंगाऱ्याला काय लिहिलंत आणि पुढे काय झालं, ते इथे सांगा. सुरुवात मी करते.

आमचं ठरलं होतं मजुरी 28,000, रंग आमचा. 20,000 देऊन झाले होते. हॉलमध्ये किंचित चमकेचा इमल्शन आहे. सकाळचं ऊन तिरपं आलं की टीव्हीच्या भिंतीवर तळहाताएवढे निस्तेज ठिपके दिसायचे. समोरून पाहिलं तर काहीच नाही. मी हा मेसेज पाठवला:

"दादा, नमस्कार. आज उजेडात सगळ्या भिंती पाहिल्या. बेडरूम, किचन छान झालंय. तीन ठिकाणी काम राहिलंय, फोटो पाठवतेय. १) टीव्हीची भिंत: शेवटी लांबीचे टचअप केलेत तिथे डाग दिसतात. २) खिडकीशेजारची भिंत: रोलरचे उभे पट्टे. ३) छताची कड: ब्रशचा पट्टा वेगळा दिसतो. नुसते डागांवर पॅच मारू नका, पूर्ण भिंत करून द्या. त्याच डब्यातला रंग थोडा उरलाय. शनिवारी जमेल का? काम झालं की त्याच संध्याकाळी उरलेले 8,000 देते."

रंगारीपुत्र
आमच्या वडिलांनी आयुष्यभर रंगाची कंत्राटं घेतली, म्हणून सांगतो: मेसेज चांगला आहे, कारण भिंतीगणिक लिहिलाय. "फिनिशिंग बरोबर नाही" एवढंच लिहिलंत की रंगारी येतो, सगळीकडे एक पातळ हात मारतो आणि जातो.

तुमचे ठिपके म्हणजे लांबीवर प्रायमर न मारता थेट रंग लावलाय. कोरडी लांबी रंगातला चिकटपणा शोषून घेते, म्हणून तेवढ्याच जागी चमक मरते. आधी त्या जागा हलक्या घासून प्रायमर, तो वाळला की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात. मध्येच थांबायचं नाही. पट्ट्यांचं कारण वेगळं असतं: एक जण सकाळी ब्रशनं कडा करून ठेवतो, दुसरा दुपारी रोलर घेतो, तोवर कड वाळलेली असते. ओल्या कडेवरच रोलर चढला पाहिजे. मोठ्या भिंतीला दोन माणसं एकदम लागतात, हे शनिवारच्या आधीच बोलून घ्या.

कोथरूडकर
एवढं कशाला? रंगात पाणी जास्त घातलं की डाग येतात. तिसरा हात मारायला सांगायचा, सगळं झाकलं जातं. आणि रात्री मोबाईलची बॅटरी भिंतीला चिकटवून बघा, याचं काम किती कच्चं आहे ते कळेल.

रंगारीपुत्र
पाण्याचं अर्धं खरं आहे. पातळ रंगातून खालचा रंग डोकावतो आणि तो आणखी एका हातानं झाकला जातो. पण भिंत लाटेसारखी वरखाली असेल तर ती लांबीची चूक. दहा हात मारलेत तरी जाणार नाही, घासून परत लांबी भरावी लागते. आणि बॅटरी चिकटवून बघितली तर कुठलीच भिंत पास होणार नाही, साहेब. दिवसा, चार फुटांवर उभं राहून जे दिसतं त्याचीच तक्रार करा.

नाशिकची मावशी
आमच्या बेडरूमलाही डागच आहेत, पावसाळा संपला की पोपडे सुटतात. रंगाऱ्याचे पैसे अजून दिले नाहीत. हाच मेसेज पाठवू का?

रंगारीपुत्र
मावशी, ती ओल आहे. भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा बाहेरची तडा गेलेली भिंत असेल. ती आधी दुरुस्त करा. ओल्या भिंतीवर रंग नको असं त्यानं तेव्हा सांगितलं असेल, तर त्याचे पैसे देऊन टाका.

डोंबिवलीचा आळशी
आम्ही दिवाळी तोंडावर म्हणून सगळे पैसे आधीच दिले. नंतर "येतो साहेब" ऐकत होळी आली. मेसेज कितीही गोड लिहा, हातात काही राखलेलं नसेल तर दुसरं काम सोडून कोण येणार? पण 28 मधले 8 हजार अडवणं मला जरा जास्तच वाटतं. त्याला पोरांची हजेरी रोजच्या रोज द्यावी लागते.

धागाकर्ती
ते मलाही खटकलं. म्हणून तो शनिवारी दोन पोरं घेऊन आला तेव्हा सुरुवातीलाच 5,000 दिले, 3,000 ठेवले. टीव्हीची भिंत आता एकसारखी दिसते. पण ती 12 बाय 10 ची, एका हाताला लिटरभर रंग खाऊन गेली आणि खिडकीच्या भिंतीला पुरला नाही. नवा डबा त्याच शेडचा, पण बॅच वेगळी, म्हणून रंगारीच म्हणाला की अर्ध्यात जोडायला नको, पूर्ण भिंत नव्या डब्यानंच करू. आता त्या डब्याचे पैसे कुणी द्यायचे यावर अडलंय. तो म्हणतो रंग तुमचा ठरला होता, मी म्हणते पट्टे तुमचे. तुमच्याकडे हे कसं मिटलं?