प्रतिसाद: सहा वेळा खाऊन भूक का वाढते?

> "डाएटिशियनने दर दोन तासांनी खायला सांगितलंय, चयापचय वाढतं म्हणे. पण मला तर दिवसभर भूकच लागलेली असते!"

ताई, तुमची भूक खरी आहे. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा एकूण खाण्यावर ठरते, वेळांवर नाही. 1500 कॅलरींच्या साधारण दहा टक्के, म्हणजे 150. तीनदा 50 किंवा सहादा 25, बेरीज तीच.

फरक पडतो तो पोटाला. 1500 चे सहा भाग केले की एका वेळेला 250 येतात, म्हणजे जेमतेम एक छोटी बशी पोहे. ती संपते तेव्हा कुठे जेवायला सुरुवात झाल्यासारखं वाटतं. तीनच भाग केले तर एका वेळेला 500 येतात; त्यात दोन फुलके, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही बसतं, आणि चार-पाच तास आठवणही येत नाही. 2013 मधल्या एका अभ्यासात तेवढ्याच कॅलरी सहा वेळांत खाणाऱ्यांना तीन वेळांपेक्षा जास्त भूक लागली, चरबी मात्र जास्त जळली नाही.

दोन आठवडे तीनदा जेवून बघा. संध्याकाळी पाचला हात डब्याकडे गेलाच, तर दुपारची उसळ वाढवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.