मदत हवी आहे: क्रुस्कल-वॉलिसचा निकाल वाक्यांत कसा लिहू?

तासगावजवळच्या बेदाणा शेडवर डिपिंगच्या तीन पद्धतींचे प्रत्येकी 20 नमुने घेऊन सुकायला लागलेले दिवस मोजले. दोन-चार नमुने फारच रेंगाळले, म्हणून सरासरी सोडून क्रुस्कल-वॉलिस लावली. मध्यक 18, 16 आणि 15 दिवस. सध्या असं लिहिलंय:

"तिन्ही पद्धतींत सुकण्याच्या दिवसांत फरक आढळला (H = 11.96, df = 2, p = 0.003). डन चाचणीत, होल्म दुरुस्तीनंतर, पहिली पद्धत दुसरीपेक्षा (p = 0.014) आणि तिसरीपेक्षा (p = 0.004) संथ ठरली; दुसरी-तिसरीत फरक दिसला नाही (p = 0.60)."

आता अडलंय ते इथे. पहिली-तिसरीच्या मध्यकांची वजाबाकी 3 येते, पण `wilcox.test` मध्ये `conf.int = TRUE` दिलं की 2.5 येतं (95% अंतराल 1 ते 4). हा हॉजेस-लेहमन अंदाज, म्हणजे सगळ्या जोड्यांमधल्या फरकांचा मध्यक, एवढं कळलं. मग "मध्यकांतला फरक 2.5 दिवस" म्हणणं चूकच ना? शिवाय हा अंतराल होल्मने दुरुस्त केलेला नाही, तेही लिहायचं का? सर म्हणतात, "मध्यक वेगळे आहेत" एवढंच लिही. पण तिन्ही गटांच्या आलेखांचा आकार सारखा नाही, पहिल्याची शेपटी लांब आहे. कुणी नेमकं वाक्य सुचवेल का?